बेसिनमधला गुलाबी रंग आणि तारेमागचे सहा दात

"डॉक्टर, मी २४ वर्षांचा आहे. राहतो ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी ऐरोलीत. दोन-अडीच महिने झाले, ब्रश करून थुंकलं की बेसिनमध्ये गुलाबी दिसतं. दुखत अजिबात नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतून येतं असं वाटतं. तिथे ब्रेसेस काढल्यावर चिकटवलेली तार आहे. भीतीने महिनाभर त्या बाजूला ब्रश फिरवतच नाही. आई म्हणते उष्णता आहे, ताक पी आणि तुरटीच्या गुळण्या कर. ऑफिसातला मित्र दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढतो, रात्री दातही घासत नाही, त्याला मात्र रक्त येत नाही! बाबांचे पंचेचाळिशीतच चार दात हलून काढावे लागले होते. दात साफ करून घेतले तर सैल होतात असं सगळे सांगतात. मी याचा अर्थ काय लावायचा?"

आज रात्रीपासून ब्रश पुन्हा त्या तारेपाशी ने. रक्त आलं तरी ने. बाकीचं सगळं यानंतर. कारण रक्त दिसलं की हात आखडतो, हात आखडला की दाताच्या मुळाशी थर साचतो, थर साचला की हिरडी आणखी सुजते, आणि मग ब्रशचा नुसता केस लागला तरी रक्त येतं. माझ्याकडे येणारे अर्धेअधिक तरुण या चक्रात सापडलेले असतात आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपण हिरडीला विश्रांती देतोय.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे एक साधा प्रयोग झाला. हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, गोळी नाही. तू गेल्या महिन्यात हाच प्रयोग स्वतःच्या सहा दातांवर केला आहेस. अगदी पहिल्यांदा रक्त आलं त्याचं कारण पुढे बघू, पण आत्ता येणाऱ्या रक्तात तुझ्या न घासण्याचा वाटा मोठा आहे.

हे रक्त येतं कुठून ते सांगते. हिरडी दाताला अगदी वरच्या काठापर्यंत चिकटलेली नसते. शर्टाची कॉलर मानेभोवती असते तशी ती दाताभोवती उभी असते आणि दोघांच्या मध्ये एक बारीक फट असते, चांगल्या हिरडीत १ ते ३ मिलिमीटर खोल. या कॉलरचं आतलं अस्तर फार पातळ असतं. फटीच्या तोंडाशी जंतूंचा थर बसून राहिला की शरीर तिथे जास्त रक्त पाठवतं, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर जागोजागी झिजतं. मग ब्रश लागला की ते फुटतं. बाहेरून जखम दिसत नाही, कारण ती आतल्या बाजूला असते. दुखतही नाही, आणि त्यामुळेच माणूस दोन-अडीच महिने थांबतो.

ब्रशने खरचटून येणारं रक्त वेगळं असतं. ते एकदाच येतं, त्या जागी झोंबतं, आरशात ओरखडा किंवा पांढुरकी रेघ दिसते आणि तीन-चार दिवसांत विषय संपतो. तेच रक्त, त्याच जागेहून, रोज आणि न दुखता येत असेल तर ते सुजेचं. तुझं हे दुसऱ्या प्रकारचं आहे. किती आलं यावरून मात्र काही ठरवू नकोस. लाळ आणि पेस्टच्या फेसात रक्ताचा एक थेंबही अख्खं बेसिन रंगवतो.

आता जागेबद्दल. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेखाली, लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेत कॅल्शियम असतं. दातावरचा मऊ थर तिथेच राहिला तर तो काही दिवसांत कडक व्हायला लागतो. त्यालाच आपण किटण किंवा टार्टर म्हणतो. वरच्या दाढांची गालाकडची बाजूही अशीच, कारण तिथे दुसऱ्या ग्रंथीचं तोंड असतं. तुझ्या बाबतीत किटण साचायच्या आवडत्या जागेवर तार बसवलेली आहे. ती सुळ्यापासून सुळ्यापर्यंत असते, सहा दातांना चिकटवलेली, आणि तिच्याखाली ब्रश जवळजवळ पोचत नाही. ब्रेसेस काढताना ही तार साफ कशी करायची हे फार कमी जणांना नीट दाखवलं जातं. तोवर दोन वर्षांच्या तारांतून सुटल्याचा आनंदच इतका असतो की कुणी विचारतही नाही.

मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघ. एक गोष्ट आधीच सांगते. इंटरनेटवर चांगल्या हिरडीचा फोटो म्हणून गुलाबी हिरडी दाखवतात. आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्या जन्मतःच तपकिरी किंवा काळसर छटेच्या असतात आणि तो रोग नव्हे, ते त्वचेसारखंच रंगद्रव्य आहे. त्यामुळे रंगापेक्षा आकार बघ. दोन दातांच्या मधला हिरडीचा त्रिकोण टोकदार आणि घट्ट आहे की गोलसर, फुगीर आणि चमकदार? सूज पहिल्यांदा या त्रिकोणात येते, कारण ब्रशचे केस दोन दातांच्या मध्ये शिरत नाहीत. तारेमागे पिवळट, खडबडीत, नखाने न निघणारं काही दिसलं तर ते किटण. ते ब्रशने जाणार नाही हेही लक्षात ठेव, कारण पुढच्या चाचणीचा अर्थ त्यावर ठरणार आहे.

ही चाचणी १४ दिवसांची. मऊ केसांचा ब्रश घे. तो ४५ अंशात असा धर की केसांची टोकं दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर टेकतील, आणि जागच्या जागी बारीक हलव, मग दाताच्या टोकाकडे झटक. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, रात्रीचं चुकवायचं नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश आडवा मावत नाही. तिथे तो उभा धरून पुढचे केस वापर. तारेखालच्या फटींसाठी औषधांच्या दुकानात मिळणारा सगळ्यात बारीक इंटरडेंटल ब्रश घे किंवा एक टोक कडक असलेला फ्लॉस. कडक टोक ओठाच्या बाजूने, तारेच्या खालून, दोन दातांच्या मधून आत घालायचं, जिभेकडून ओढून घ्यायचं आणि दोऱ्याने दोन्ही दातांच्या कडा वर-खाली पुसायच्या. पहिल्या रात्री पाच फटींना दहा मिनिटं लागतील आणि तू मला शिव्या देशील. आठव्या दिवशी दोन-अडीच मिनिटांत होतं. इंटरडेंटल ब्रश जोर लावून घुसवू नकोस, जात नसेल तर त्या फटीसाठी तो मोठा आहे.

या १४ दिवसांत माउथवॉश, तुरटी, हिरड्यांची खास पेस्ट, काहीही नवीन सुरू करायचं नाही. नाहीतर रक्त कशाने थांबलं ते कळणारच नाही. साधी फ्लोराइडची पेस्ट पुरे. रोज रात्री मोबाइलमध्ये एक ओळ लिही: रक्त आलं का, कुठल्या दातापाशी. पहिले तीन-चार दिवस ते वाढल्यासारखं वाटेल, कारण तू महिनाभर न घासलेली जागा घासतोयस. तिथे घाबरून थांबलास तर परत पहिल्या दिवसावर.

चौदाव्या दिवशी तीनपैकी एक चित्र असेल. रक्त सगळीकडचं थांबलं, तर सूज वरवरची होती आणि थर निघाल्यावर ती गेली. बाकी सगळीकडे थांबलं पण तारेमागे सुरू आहे, तर तिथे किटण आहे आणि ते यंत्राने काढल्याशिवाय सूज उतरणार नाही. मला तुझ्या बाबतीत हेच होईल असं वाटतं. आणि सगळीकडेच तसंच सुरू राहिलं, तर हाताचं कसब बघावं लागेल किंवा रक्ताची साखर तपासावी लागेल. मधुमेहात हिरड्यांची सूज लवकर येते आणि हट्टाने टिकते. मधुमेह हल्ली तिशीच्या आतही सापडतो.

दवाखान्यात पुढे काय होतं ते एका पेशंटवरून सांगते. घणसोलीची २६ वर्षांची मुलगी, तक्रार तुझ्यासारखीच, फक्त रक्त सगळीकडून. आमच्याकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. दाताभोवतीच्या फटीत ती अलगद उतरवायची, तीन जागी बाहेरून, तीन जागी आतून. तिला २८ दात होते म्हणजे १६८ जागा. प्रत्येक जागी दोन गोष्टी लिहायच्या: खोली किती आणि सळई काढल्यावर रक्त आलं की नाही. ६१ जागी रक्त आलं, म्हणजे सुमारे ३६ टक्के. १० टक्क्यांच्या आत असेल आणि खोली वाढलेली नसेल तर आम्ही हिरड्या निरोगी धरतो. ३० टक्क्यांच्या वर गेलं की सूज तोंडभर पसरलेली.

खोली मात्र तिची बहुतेक ठिकाणी ३ होती, काही ठिकाणी ४. चार म्हटल्यावर ती घाबरली, कारण चारला पॉकेट म्हणतात हे तिने कुठेतरी वाचलं होतं. इथेच खरी मेख आहे. फट दोन तऱ्हांनी खोल होते. एक म्हणजे हिरडी सुजून तिचा काठ वर चढतो, तळ आहे तिथेच राहतो. दुसरी म्हणजे तळच खाली सरकतो, दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजल्यामुळे. पहिल्या तऱ्हेला आम्ही खोटं पॉकेट म्हणतो, दुसरं खरं. सळईवर आकडा तोच, ४. फरक कळतो तो दाताचं पांढरं कवच संपतं त्या रेषेपासून मोजल्यावर आणि एक्स-रेवर. तिच्या एक्स-रेमध्ये हाड त्या रेषेच्या खाली एक-दीड मिलिमीटरवर, म्हणजे जिथे असायला हवं तिथेच होतं. काहीही कायमचं गेलेलं नव्हतं. सूज म्हणजे जिंजिव्हायटिस, आणि हाड झिजलं की पेरिओडोन्टायटिस, ज्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात. पहिल्यातून माणूस पूर्ण परत येतो. दुसऱ्यात रोग थांबवता येतो, पण गेलेलं हाड बहुतेक वेळा गेलेलंच असतं.

तिचं स्केलिंग केलं, म्हणजे यंत्राने किटण काढलं, दोऱ्याचं शिकवलं, सहा आठवड्यांनी पुन्हा सगळं मोजलं. १५ जागी रक्त, साधारण ९ टक्के, आणि चाराचे तीन झालेले. पण उजव्या खालच्या दोन दाढांच्या मध्ये अजून येत होतं, दर वेळी तिथेच. मी तिचा एक्स-रे पुन्हा काढून बघितला. आधीच्या भेटीत हाड बघायच्या नादात माझ्या नजरेतून सुटलेली गोष्ट दिसली. जुन्या फिलिंगची कड दाताच्या बाहेर आलेली होती, पायरीसारखी, आणि त्या पायरीखाली थर कायम वस्तीला. कड घासून सपाट केली, दोन आठवड्यांत ते रक्त थांबलं. एकाच जागचं हट्टी रक्त असेल तर त्या जागेचं काहीतरी शोधायचं: बाहेर आलेलं फिलिंग, बसत नसलेली कॅप, अन्न अडकणारी फट, अर्धवट उगवलेली अक्कलदाढ. किंवा तार.

आता तुझा मित्र. त्याच्याकडे बघून तू निर्धास्त होतोयस की चिडतोयस ते पत्रावरून कळलं नाही, पण त्याच्या हिरड्या तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत असं समजू नकोस. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जंतूंना शरीराने द्यायचं उत्तर मंदावतं. हिरडी जाडसर, फिकट, कोरडी दिसते, रक्त येत नाही, आणि आत हाड मात्र जास्त वेगाने झिजत असतं. म्हणजे सावध करणारी घंटाच काढून ठेवलेली. अशी माणसं माझ्याकडे दात हलायला लागल्यावर येतात आणि म्हणतात, मॅडम, कधीच काही त्रास नव्हता. त्याने सिगारेट सोडली तर काही आठवड्यांत त्याला रक्त यायला लागू शकतं. तेव्हा "सोडल्यामुळे बिघडलं" म्हणून तो टपरीवर परत जायला नको, एवढं त्याला आधीच सांगून ठेव. तंबाखू आणि मिश्रीला मी यातून सूट देत नाही. मिश्री ही भाजलेली तंबाखूच, आणि अजूनही कळवा-मुंब्र्यापासून पनवेलपर्यंत किती घरांत बायका ती "दात घासायला" म्हणून लावतात, ते मोजायला घेतलं तर वेगळा लेख होईल.

आईंचं ताक पी, त्याला माझी हरकत कशाला असेल. पण उष्णतेने हिरडीतून रक्त येत नाही. तुरटीत एक गंमत आहे. ती तुरट असल्याने हिरडी आकसते आणि रक्त खरंच थोडा वेळ थांबतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांना तिचा गुण वाटत आला. दातावरचा थर मात्र जिथल्या तिथे असतो. थोडक्यात तुरटी तुझ्या बाबतीत तेच करेल जे सिगारेट मित्राच्या बाबतीत करते, रक्त झाकेल. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतील, चौदा दिवसांनंतर.

माउथवॉशचंही असंच. क्लोरहेक्सिडीनचं ०.२ टक्क्यांचं माउथवॉश हे उत्तम औषध आहे, स्केलिंगनंतर हात नीट चालत नसताना आम्ही ते देतो: १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे. पेस्टनंतर अर्धा तास थांबून, कारण पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा गुण कमी होतो. महिनोन्‌महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चहाबाजांच्या जास्त, आणि जेवणाची चव बिघडते. दाताला घट्ट चिकटलेल्या थरात आणि किटणाखाली ते पोचत नाही. लोक बाटली संपली की दुसरी आणतात आणि डाग पडले म्हणून माझ्याकडे येतात, रक्तासाठी नव्हे.

बाबांच्या बाबतीत मात्र मला थोडं थांबावंसं वाटतं. पंचेचाळिशीत चार दात हलून काढावे लागणं हे किडीमुळे दात जाण्यापेक्षा वेगळं आहे. त्यांचे दात किडलेले नसताना हलत होते का? दाढा होत्या की पुढचे? तंबाखू किंवा साखर होती का? हे त्यांना विचार. हाड झिजण्याची प्रवृत्ती काही घरांत चालत येते. अशाच घरातला कळव्याचा २२ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याची तक्रार रक्ताची नव्हतीच. वरच्या पुढच्या दोन दातांत नव्याने फट पडली होती आणि सेल्फीत ती दिसते एवढंच त्याचं म्हणणं. दात स्वच्छ, किटण जवळजवळ नाही, ब्रश करताना रक्त क्वचित. प्रोब पहिल्या दाढांपाशी घातला तर ७ आणि ८ मिलिमीटर, एक्स-रेवर त्या दाढांभोवतीचं हाड वाडग्यासारखं खचलेलं. पहिल्या दाढा आणि पुढचे दात यांनाच धरणारा हा तरुणपणचा पेरिओडोन्टायटिस. तो थोड्यांनाच होतो, पण झाला तर वेगाने पुढे जातो आणि भावंडांनाही तपासावं लागतं. त्याची धाकटी बहीण आणवली, तिच्यात सुरुवात सापडली.

हे वाचून तुला तो आहे असं धरून बसू नकोस. तारेमागून रोज येणारं रक्त आणि त्या मुलाचं चित्र यांत साम्य काहीच नाही. पण बाबांच्या इतिहासामुळे तुझी चौदा दिवसांची चाचणी कितीही छान निघाली तरी एकदा पूर्ण प्रोबिंग करून घे. घरची चाचणी वरची सूज सांगते, तळ कुठे आहे ते सांगत नाही. रक्त येणाऱ्या सगळ्याच जागा पुढे झिजतात असं नाही, बहुतेक झिजत नाहीत. उलट, दर तपासणीत प्रोबनेही रक्त येत नाही अशी जागा मात्र बहुधा सुरक्षित असते, तंबाखू ओढणारा किंवा खाणारा सोडून. आम्ही खरी खात्री त्या कोरड्या जागेवर ठेवतो.

स्केलिंगने दात सैल होतात हे "सगळे" सांगतात, कारण सगळ्यांनी एखाद्या आजोबांचे झालेले पाहिलेले असतात. त्यांचं हाड आधीच गेलेलं असतं आणि किटणाच्या कड्याने दात एकमेकांना सिमेंटसारखे धरून ठेवलेले असतात. ते कडं काढलं की आधीपासून सैल असलेला दात हलताना दिसतो. तुझं हाड जागेवर असेल तर हलण्याचा प्रश्न नाही. किटण निघाल्यावर त्या जागी जीभ फिरवली की पोकळ लागेल, दातांत फट पडली असं वाटेल. फट तिथे आधीपासूनच होती, किटणाने बुजलेली. थंड पाणी काही दिवस, कधी दोनेक आठवडे, झोंबेल. यंत्राचं टोक पाण्याच्या फवाऱ्यात कंप पावत किटण फोडतं, दात कापत नाही.

अजून एक, आणि हे पावसाळ्यात दर वर्षी सांगावं लागतं. ताप आहे किंवा नुकताच उतरलाय आणि हिरडीतून रक्त सुरू झालं, तर दंतवैद्याकडे येऊ नकोस. ठाणे-नवी मुंबईत तेव्हा डेंग्यू असतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ, प्लेटलेट मोजून घे, आणि तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नकोस. तसंच काही आठवड्यांत तोंडभरच्या हिरड्या फुगल्या, अंगावर आपोआप काळेनिळे डाग दिसले, कमालीचा थकवा आला, तर आधी सीबीसी ही रक्ताची तपासणी. तुझ्या पत्रात यातलं काही नाही. फक्त एका जागेहून, अडीच महिने, न दुखता येणारं रक्त हे प्लेटलेटचं चित्र नव्हे.

जवळच्या दंतवैद्याकडे गेलास तर "क्लिनिंग करायचंय" एवढंच म्हणू नकोस, तेवढंच करून देतील. "सगळ्या दातांचं प्रोबिंग करून आकडे लिहून द्या" असं म्हण. पूर्ण तक्त्याला वीसेक मिनिटं लागतात आणि घाईच्या संध्याकाळी कुणी ते आपणहून काढत नाही. खर्चाची अडचण असेल तर नेरुळ किंवा खारघरच्या दंतमहाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. वेळ जास्त जातो, कारण विद्यार्थी करतो आणि वरचे डॉक्टर तपासतात, पण तक्ता हमखास पूर्ण भरला जातो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजतील तेव्हा शेजारी ठेवायला लागेल.

जाताना तारेकडेही बघायला सांग. सहापैकी एखाद्या दातावरचा चिकटवलेला ठिपका सुटला असेल तर तिथे तार दातापासून किंचित उचललेली राहते आणि मधल्या फटीत अन्न बसतं. हे आरशात दिसत नाही, जिभेला मात्र टोचल्यासारखं लागतं. कधी कधी पहिल्यांदा रक्त यायचं कारण एवढंच निघतं. ठिपका परत बसवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पण आधी किटण काढून, सूज उतरल्यावर. ओल्या, रक्ताळलेल्या हिरडीशेजारी तो चिकटत नाही. आणि तार कापून टाक म्हणून कुणी सांगितलं तर ज्यांनी ब्रेसेस लावल्या होत्या त्यांना विचारल्याशिवाय कापू देऊ नकोस, दात सरकायला काही आठवडेही पुरतात.